वर्षाला किती मसल जातं, किती फॅट वाढतं आणि आपला आकडा कशाशी ताडायचा

प्रश्न: वय 47, पुरुष, उंची 172. जिममधल्या बॉडी कॉम्पोझिशन मशीनवर मागच्या वर्षी वजन 76.4, मसल 32.6 किलो, फॅट 18.9 किलो आलं होतं. आता वजन 76.9, मसल 31.7, फॅट 20.4. व्यायाम आठवड्यातून तीनदा चालूच आहे, फक्त क्रिएटिन चार महिन्यांपूर्वी बंद केलं. पहिली टेस्ट सकाळी केली होती, ही ऑफिसनंतर. वयाप्रमाणे वर्षाला एवढं मसल जाणं आणि एवढं फॅट वाढणं नॉर्मल आहे का? आणि बायको 50 ची आहे, तिच्यासाठी हेच आकडे धरायचे का?

उत्तर:

नाही, वयाने एका वर्षात एवढं मसल जात नाही. पण तुमचंही गेलंय असं मला वाटत नाही. तुमच्या प्रश्नातच दोन गोष्टी लिहिल्यात, क्रिएटिन बंद आणि टेस्टची वेळ वेगळी, त्यातच बहुतेक उत्तर आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, बॉडी कॉम्पोझिशन टेस्ट आणि त्यावरून व्यायाम ठरवून देणं हेच माझं रोजचं काम, आणि असे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून घाबरलेली माणसं नेहमी येतात, म्हणून जरा नीट सविस्तर लिहिते.

आधी वयाचा हिशोब. मसल साधारण विशीच्या शेवटी-तिशीत सगळ्यात जास्त असतं. त्यानंतर दर दहा वर्षांना 3 ते 8 टक्के जातं हा आकडा तुम्ही सगळीकडे वाचला असेल, तो चूक नाही पण त्याची रेंज एवढी मोठी आहे की स्वतःला ताडायला काही कामाचा नाही. जास्त उपयोगी आकडा असा, की वेगवेगळ्या अभ्यासांचा मधला दर काढला तर पुरुषांमध्ये वर्षाला साधारण 0.47 टक्के आणि बायकांमध्ये 0.37 टक्के निघतो. हा सगळ्या प्रौढ वयाचा मिळून आहे. प्रत्यक्षात तिशीत जवळपास काहीच कळत नाही, चाळिशीत थोडं, पन्नाशी जवळ आली की घट दिसायला लागते, आणि पंच्याहत्तरीच्या आसपास तोच दर पुरुषांमध्ये वर्षाला 0.8 ते 1 टक्क्यापर्यंत आणि बायकांमध्ये 0.65-0.7 टक्क्यापर्यंत जातो. आणि ही घट अंगभर सारखी नसते, हातांपेक्षा पायांमधून जास्त जाते, हे लक्षात ठेवा कारण पुढे मोजताना कामाला येईल.

आता हे तुमच्यावर लावून बघा. तुमचं मसल 32.6 किलो, त्याचे 0.47 टक्के म्हणजे दीडशे ग्रॅम. वर्षाला फक्त दीडशे ग्रॅम! आणि मशीन दाखवतंय 900 ग्रॅम, म्हणजे सरासरीच्या सहापट. इथेच शंका यायला हवी, कारण आठवड्यातून तीनदा व्यायाम करणारा, आजारी न पडलेला 47 वर्षांचा माणूस सहापट वेगाने मसल घालवत नाही.

फॅटचं गणित वेगळं चालतं आणि लोकांना वाटतं त्याच्या उलट चालतं. लोकांना वाटतं चाळिशीनंतर पोट सुटतं म्हणजे फॅट चाळिशीनंतरच वाढतं. वजनवाढीचा वेग खरं तर विशी-तिशीत सगळ्यात जास्त असतो, नंतर प्रत्येक दशकात तो कमी होत जातो. पाश्चात्त्य देशांतल्या मोठ्या पाहण्यांमध्ये तरुण आणि मध्यम वयात वर्षाला अर्धा ते एक किलो वजन वाढतं असं दिसतं आणि त्यातलं बहुतेक फॅटच असतं. साठीत ही वाढ मंदावते, सत्तरीच्या पुढे बऱ्याच जणांचं वजन उतरायलाच लागतं. चाळिशीत जे डोळ्यांना दिसतं ते म्हणजे आधीच्या वीस वर्षांचं साठलेलं, आणि त्यात फॅट कातडीखालून पोटाच्या आत सरकायला लागलेलं असतं, म्हणून पँट घट्ट होते.

आणि याला मेटाबोलिझम मंदावला हे कारण देऊ नका. 2021 मध्ये सहा हजारांवर लोकांच्या रोजच्या ऊर्जाखर्चाचा एक मोठा अभ्यास आला, अगदी तान्ह्या बाळापासून नव्वदीपुढच्या माणसांपर्यंत, त्यात शरीराच्या आकाराचा हिशोब केल्यावर 20 ते 60 या वयात ऊर्जाखर्च जवळपास स्थिर निघाला, घट सुरू होते ती साठीनंतर आणि तीही वर्षाला साधारण 0.7 टक्के. त्यामुळे 47 व्या वर्षी फॅट वाढत असेल तर खाणं, हालचाल, झोप इथे बघायचं.

तर तुमच्यासाठी सरासरी अपेक्षा काय झाली? मसल दीडशे ग्रॅम कमी, फॅट अर्धा किलोच्या आसपास जास्त. तुमच्या रिपोर्टवर मसल 900 ग्रॅम कमी आणि फॅट दीड किलो जास्त आहे.

आता मशीनकडे येऊ. तुम्ही ज्यावर उभे राहिलात ते मशीन फॅट मोजतच नाही. ते हातापायातून अगदी बारीक करंट सोडतं आणि त्याला किती अडथळा येतो ते मोजतं. मसलमध्ये पाणी भरपूर म्हणून करंट सहज जातो, फॅटमध्ये पाणी कमी म्हणून अडतो. त्या अडथळ्यावरून, तुमची उंची-वजन (बऱ्याच मशीनमध्ये वय आणि लिंगसुद्धा) घालून आधी अंगातलं पाणी काढतात, पाण्यावरून फॅट सोडून बाकीचं सगळं वजन काढतात, त्यातून मसलचा अंदाज, आणि फॅट म्हणजे एकूण वजनातून हे वजा केलं की जे उरतं ते. म्हणजे फॅट हा आकडा निव्वळ वजाबाकी आहे. वजनात काहीही वाढलं आणि ते मशीनला पाणी किंवा मसल म्हणून दिसलं नाही तर ते फॅटच्या खात्यात जातं.

तुमचा रिपोर्ट आता उलगडून बघू. पहिल्या वेळी फॅट सोडून वजन 76.4 वजा 18.9 म्हणजे 57.5 किलो. दुसऱ्या वेळी 76.9 वजा 20.4 म्हणजे 56.5. बरोबर एक किलो कमी. क्रिएटिन घेतल्यावर पहिल्या काही आठवड्यात जे एक किलोच्या आसपास वजन वाढतं ते बहुतेक पाणीच असतं, मसलच्या पेशींमध्ये ओढून धरलेलं, आणि बंद केल्यावर चार-सहा आठवड्यांत ते निघून जातं. तुमचं बंद होऊन चार महिने झाले. म्हणजे हा एक किलो बहुतेक तेच पाणी आहे, मसलचे धागे नाहीत. पाण्यावरूनच मसलचा आकडा निघतो त्यामुळे मशीनने तो 900 ग्रॅमने खाली आणला, यात मशीनचीही चूक नाही, त्याला पाणी आणि मसल वेगळं कळतच नाही.

दुसरा भाग दीड किलो फॅटचा. सकाळी उपाशीपोटी आणि संध्याकाळी ऑफिसनंतर यात कुणाच्याही वजनात अर्धा-एक किलो फरक सहज असतो, दिवसभराचं खाणं, चहा, पाणी सगळं पोटात आहे. पोटातलं हे वजन करंटच्या अडथळ्यात फारसं दिसत नाही कारण अडथळा जवळपास सगळा हातापायांचा असतो, धड जाड असल्यामुळे त्याचा वाटा फार छोटा. मग हे वजन कुठे जाणार, वजाबाकीत, म्हणजे फॅटमध्ये. समजा पोटात संध्याकाळी 800 ग्रॅम जास्त होतं. तर दीड किलोतले 800 ग्रॅम जेवण-पाणी आणि उरलेले 700 ग्रॅम खरं फॅट. पाणी एक किलो गेलं, पोटात 800 ग्रॅम आलं, फॅट 700 ग्रॅम वाढलं, वजन अर्धा किलो वाढलं, हिशोब बरोबर जुळतो. हे 800 मी धरलेत, मोजलेले नाहीत, 500 धरले तर खरं फॅट एक किलो निघेल, 1000 धरले तर अर्धा किलो. म्हणजे माझा अंदाज असा की वर्षात अर्धा ते एक किलो फॅट वाढलंय, जे तुमच्या वयाला सरासरीएवढं आहे, आणि मसल गेल्याचा पुरावा या दोन कागदांत नाही.

यातून मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगते. वयाचा वार्षिक दर हा कुठल्याही मशीनच्या चुकीपेक्षा लहान आहे. डेक्सा स्कॅन, म्हणजे एक्स-रे वाला, तो या मशीनपेक्षा खूप चांगला, तरी त्यातसुद्धा दोन स्कॅनमधला लीन मासचा, म्हणजे फॅट सोडून बाकीच्या वजनाचा, फरक एक किलोच्या आसपास गेल्याशिवाय तो फरक खरा धरू नये असं साधारण मानतात. तुमचा वयाचा लीन मासचा तोटा वर्षाला दोन-अडीचशे ग्रॅम. म्हणजे डेक्सावरसुद्धा नुसतं वय दिसायला चार-पाच वर्षं लागतील! त्यामुळे उलटा नियम लावा: वर्षभरात मसलचा आकडा ठळक खाली आला असेल तर ते वय नव्हे. मग एकतर मोजण्यात फरक आहे (पाणी, जेवण, वेळ, दुसरं मशीन) किंवा खरंच काहीतरी घडलंय, मोठं आजारपण, बेड रेस्ट, घाईघाईने वजन उतरवणं. वय एवढ्या घाईत काम करत नाही.

मग स्वतःला ताडायचं कसं. दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक, मी आत्ता कुठे आहे. दोन, मी कुठल्या वेगाने चाललोय. पहिल्यासाठी इतरांशी तुलना चालते, दुसऱ्यासाठी फक्त स्वतःशीच.

कुठे आहे हे बघायला टक्के वापरू नका. फॅट टक्केवारी 24.7 वरून 26.5 झाली की माणूस हादरतो, पण टक्केवारी मसल कमी झालं तरी वाढते आणि फॅट वाढलं तरी वाढते, कुठलं घडलं ते ती सांगत नाही. किलो घ्या आणि उंचीच्या वर्गाने भागा, जसं बीएमआयमध्ये करतो तसंच. तुमच्या उंचीचा वर्ग 1.72 गुणिले 1.72 म्हणजे 2.96. फॅट 20.4 भागिले 2.96 म्हणजे 6.9. पुरुषांमध्ये 3 ते 6 हा नॉर्मल पट्टा धरतात, 6 ते 9 जास्त, 9 च्या वर लठ्ठपणा. बायकांमध्ये 5 ते 9 नॉर्मल आणि 13 पर्यंत जास्त. तुमचं पहिल्या वेळचं 6.4 होतं. म्हणजे तुम्ही दोन्ही वेळा "थोडं जास्त" याच पट्ट्यात आहात, वर्षात काही नाट्यमय झालेलं नाही, पण फॅट मुळात थोडं जास्त आहे हे मात्र खरं आणि मी तुमच्या जागी असते तर मसलपेक्षा याकडे बघितलं असतं.

मसलसाठी रिपोर्टच्या खालच्या भागात दोन हात दोन पाय यांचं वेगवेगळं लीन वजन छापलेलं असतं, त्या चार आकड्यांची बेरीज करा, धड सोडून द्या (धडात लिव्हर, आतडी सगळं येतं). तुमच्या अंगकाठीच्या माणसाचे साधारण हात 3.2 आणि 3.1, पाय 8.9 आणि 8.9 असे येतात, बेरीज 24.1, भागिले 2.96 म्हणजे 8.1. तुमचे खरे आकडे घालून बघा. म्हातारपणी मसल कमी होण्याचा जो आजार, सार्कोपेनिया, त्यासाठी आशियाई तज्ज्ञांच्या गटाने 2019 मध्ये ठरवलेली रेषा पुरुषांना 7.0 आहे, बायकांना डेक्सावर 5.4 आणि तुमच्यासारख्या मशीनवर 5.7. तुम्ही 8 च्या वर असाल तर रेषेपासून बराच लांब आहात. एक मात्र सांभाळा, भागताना उंची तरुणपणीचीच धरा किंवा दर वेळी एकच धरा, कारण 30 ते 70 मध्ये पुरुषांची उंची सरासरी 3 सेंटीमीटर आणि बायकांची 5 सेंटीमीटर कमी होते, आणि उंची कमी झाली की भागाकार वाढतो, काही न कमावता मसल वाढल्यासारखं दिसतं.

रिपोर्टवर "तुमच्या वयाची सरासरी" किंवा "मेटाबोलिक एज 53" असं काही छापलं असेल तर त्याकडे सरळ दुर्लक्ष करा. एक तर कुठल्या लोकांची सरासरी ते कळत नाही. दुसरं म्हणजे अशा बऱ्याच सरासऱ्या एकाच वर्षी तिशीतले, पन्नाशीतले, सत्तरीतले वेगवेगळे लोक मोजून काढलेल्या असतात. आजचे सत्तरीतले लोक तिशीत कसे होते ते त्यात नसतं, ते वेगळ्या काळात वेगळं खाऊन वाढलेले, आणि जे फार अशक्त होते ते मोजायला आलेच नाहीत किंवा हयात नाहीत. त्या आलेखाच्या उतारावरून "म्हणजे माझं दरवर्षी एवढं जाणार" असं काढता येत नाही. एकाच माणसाला वर्षानुवर्षं मोजलेले अभ्यास वेगळे आणि तेच या कामाचे.

आता वेग मोजायची पद्धत, जी मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगते. एकदा मोजायचं नाही, लागोपाठ तीन सकाळी मोजायचं. उठल्यावर, लघवी-संडास झाल्यावर, काही न खाता-पिता, आदल्या दिवशी जड व्यायाम नाही, दारू नाही, आणि मशीन तेच. बायकांनी पाळीच्या चक्रातले तेच दिवस धरायचे कारण पाणी तेव्हा बरंच हलतं. तीन सकाळचे तीन आकडे येतील, समजा मसल 32.4, 31.9, 32.3. सरासरी 32.2 लिहून ठेवा, आणि त्याच्या शेजारी सगळ्यात मोठ्या आणि लहान आकड्यातला फरक, इथे 0.5, तोही लिहून ठेवा. हा 0.5 म्हणजे तुमच्या अंगाची आणि त्या मशीनची मिळून रोजची डगमग, तीन दिवसांत तुमचं मसल अर्धा किलो कमी-जास्त झालेलं नसतं. वर्षाने परत तीन सकाळ. दोन सरासऱ्यांमधला फरक या डगमगीपेक्षा लहान असेल तर काही झालं नाही असं समजा, मग भले कागदावर बाण खाली दाखवू दे. दोन-तीन वर्षं एकाच दिशेने सरकत असेल तेव्हा त्याला अर्थ यायला लागतो.

क्रिएटिन चालू असेल तर मोजताना चालू, बंद असेल तर दोन्ही वेळा बंद. लो-कार्ब सुरू केल्यावरही असंच होतं, मसलमधला ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, कमी होतो आणि प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी घेऊन जातो, आणि आठवड्यात "मसल दीड किलो गेलं" असा रिपोर्ट येतो.

पण खरं सांगायचं तर मसलच्या किलोंपेक्षा मी ताकदीकडे जास्त बघते, आणि यामागे ठोस कारण आहे. सत्तरीतल्या माणसांना तीन वर्षं मोजलेल्या एका मोठ्या अभ्यासात पायाचं लीन मास वर्षाला साधारण एक टक्का गेलं पण गुडघ्याची ताकद जवळपास तिप्पट वेगाने, साधारण अडीच ते चार टक्के. म्हणजे मसलचा दर्जा आणि त्याला मिळणारा मेंदूचा सिग्नल, दोन्ही आधी उतरतात, आकार नंतर. शिवाय ताकद मोजताना पाणी मध्ये येत नाही. जास्त वेगाने बदलणारी आणि कमी चुकीने मोजता येणारी गोष्ट लवकर खबर देते.

तुमच्या वयात पाच वेळा खुर्चीतून उठायची टेस्ट फारशी कामाची नाही कारण ती सगळ्यांनाच सोपी जाते (साठीतल्या माणसाला 11.4 सेकंदांपेक्षा जास्त लागले तर सरासरीपेक्षा मागे धरतात, तुम्ही बहुतेक बरेच कमी घ्याल). हाताच्या पकडीची ताकद मोजणारा ग्रिप डायनॅमोमीटर मिळाला तर उत्तम. ग्रिप तिशीत सगळ्यात जास्त असते, ब्रिटनच्या आकड्यांत पुरुषांची मधली 51 किलो, बायकांची 31, आणि आशियाई गटाची धोक्याची रेषा पुरुषांना 28, बायकांना 18. नाही मिळाला तर जिमची वही. लेग प्रेसवर मागच्या वर्षी जेवढं वजन नीट फॉर्मने दहा वेळा जात होतं तेवढंच आज जातंय का. क्रिएटिन बंद केल्याने शेवटची एखाद-दोन रेप्स कमी होतील, तेवढं सोडून द्या. वजन तेच जात असेल तर 900 ग्रॅम मसल गेलं ही गोष्ट मी मानणार नाही.

फॅटसाठी मशीनसोबत टेप वापरा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून झाल्यावर, पोट न ओढता. दोनदा मोजून एक सेंटीमीटरच्या आत आलं तर सरासरी, नाहीतर परत. पोटाच्या आतलं फॅट वाढताना पुष्कळदा वजन हलत नाही पण टेप हलते.

आता तुमच्या मिसेसबद्दल. नाही, त्यांना तुमचे आकडे लावू नका, आणि 50 हे वय असं आहे की त्यांना पंचेचाळिशीतल्या त्यांच्या स्वतःच्या वेगाचे आकडेसुद्धा लावता येत नाहीत. अमेरिकेत हजारभर बायकांना रजोनिवृत्तीच्या आधीपासून नंतरपर्यंत वर्षानुवर्षं डेक्साने मोजलंय. पाळी अनियमित व्हायला लागण्याआधी फॅट वर्षाला साधारण 1 टक्क्याने वाढत होतं आणि लीन मासही अगदी थोडं, 0.2 टक्क्यांनी, वाढतच होतं. बदल सुरू झाला की फॅटचा वेग 1.7 टक्क्यांवर गेला आणि लीन मास उलट वर्षाला 0.2 टक्क्यांनी कमी व्हायला लागलं. शेवटच्या पाळीनंतर साधारण दोन वर्षं हे चाललं आणि मग दोन्ही स्थिरावले.

यातली मेख अशी आहे की या सगळ्या काळात वजनाचा काटा आपल्या नेहमीच्याच चालीने वर जात होता, त्यात वेगळी उडी दिसली नाही, कारण फॅट वाढीचा वेग वाढला तेव्हाच लीन मास कमी होत होतं आणि दोन्ही एकमेकांना झाकत होते. म्हणून "माझं वजन काही विशेष वाढलं नाही पण कपडे बसत नाहीत" असं ज्या सांगतात त्यांचं बरोबर असतं. समजा त्यांचं फॅट 25 किलो आहे, तर आधी वर्षाला 250 ग्रॅम वाढायचं ते आता 425 होईल, लीन मास 40 असेल तर 80 ग्रॅम जाईल. हे सगळं वर्षाच्या मशीन रिपोर्टमध्ये दिसणारच नाही, डगमगीत हरवून जाईल. त्यांच्यासाठी टेप, पायांची ताकद आणि दोन वर्षांच्या अंतराने डेक्सा, तोही त्यांना हाडांसाठी करायचाच असेल तर त्यातच बॉडी कॉम्पोझिशनही करून घ्यायचं.

अजून एक गोष्ट तुमच्या दोघांच्या आईवडिलांसाठी जास्त लागू आहे पण आत्ताच माहीत असलेली बरी. वर्षाला एक टक्का वगैरे आपण बोलतो त्यावरून वाटतं की मसल दररोज थेंब थेंब जातं. म्हातारपणी बऱ्याचदा तसं होत नाही, पायऱ्यांनी जातं. निरोगी वयस्कर माणसांना प्रयोग म्हणून दहा दिवस अंथरुणात ठेवलं तर पायांमधलं लीन मास सरासरी किलोच्या आसपास गेलं, म्हणजे कित्येक वर्षांचं दहा दिवसांत. आणि तरुणाला ते परत कमावता येतं तसं त्या वयात सहज येत नाही. त्यामुळे सत्तरीतल्या कुणाचे दोन रिपोर्ट ताडताना मी पहिला प्रश्न विचारते, मधल्या काळात कधी अंथरुणाला खिळला होतात का. सरासरी दर म्हणजे अशा पायऱ्या आणि मधले सपाट तुकडे मिळून काढलेला आकडा असतो, एकट्या माणसाचा आलेख तसा सरळ उताराचा क्वचितच असतो.

चाळिशीतली पायरी साधारण डाएटने येते. वजन उतरवताना जेवढं जातं त्यातलं ढोबळमानाने एक चतुर्थांश लीन मास असतं, व्यायाम न करता झटपट उतरवलं तर जास्तही, आणि परत वाढतं तेव्हा त्याच प्रमाणात लीन परत येईलच असं नाही. तुमचं फॅट 6.9 वरून 6 च्या आत आणायचं म्हटलं तर साधारण तीन किलो फॅट उतरवायचं आहे. ते तीन महिन्यांपेक्षा कमी वेळात उरकू नका, लेग प्रेसचं वजन खाली येऊ देऊ नका, प्रोटीन वजनाच्या प्रत्येक किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम ठेवा (किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून).

आत्ता पुढच्या आठवड्यात तीन सकाळ मोजा, क्रिएटिन बंदच राहू दे, आणि तीच तुमची पहिली नोंद धरा, आधीचे दोन्ही कागद बाजूला ठेवा. कारण नसताना सहा ते बारा महिन्यांत वजन 5 टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे तुमच्यासाठी चारेक किलो, किंवा एकच पाय दुसऱ्यापेक्षा बारीक व्हायला लागला, किंवा जिने चढताना मांड्या अचानक भरून यायला लागल्या आणि लेग प्रेसचं वजनही आठवड्यांत घसरलं, तर मशीनच्या नादी न लागता सरळ डॉक्टरकडे जा. तिथे शुगर, थायरॉइड, व्हिटॅमिन डी आणि चालू गोळ्यांची यादी आधी बघतात, कारण स्टिरॉइडने मांड्यांची ताकद जाते आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी काही जणांचं मसल दुखतं किंवा क्वचित कमजोरही होतं. चालू गोळ्या मात्र मनाने बंद करू नका, यादी घेऊन जा.